प्रोफाइल कधी बदलायचं आणि कुठं हात लावायचा नाही: नेहमी येणारे प्रश्न

डेटिंग ॲपवरच्या प्रोफाइलबद्दल संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणीकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथं एका जागी केलेत. उत्तरं मुख्यतः हिंजला धरून आहेत, कारण तिथं सहा फोटो आणि तीन प्रॉम्प्ट, म्हणजे ॲपनं दिलेल्या वाक्यांना तुम्ही लिहिलेली उत्तरं, असतात आणि लाइक अख्ख्या प्रोफाइलला न पडता एखाद्या ठरावीक फोटोवर किंवा उत्तरावर पडतो, त्यामुळं काय चाललंय आणि काय पडून आहे ते कळतं. टिंडर-बंबलवाल्यांसाठी जिथं फरक पडतो तिथं वेगळं लिहिलंय.

प्रोफाइल किती दिवसांनी बदलायचं असतं? दर महिन्याला बदलावं का?

ठरवून दर महिन्याला अजिबात नको. बदल करायची कारणं दोनच, एक म्हणजे प्रोफाइलमधलं काहीतरी आता खरं राहिलेलं नाही आणि दुसरं म्हणजे एखादा फोटो किंवा उत्तर नुसतं जागा अडवून बसलंय. यातलं काहीच नसेल तर बदलाची खाज ही बहुतेक वेळा स्वतःचं प्रोफाइल बघून आपल्यालाच आलेला कंटाळा असतो. समोरची व्यक्ती ते पहिल्यांदा बघत असते, तिला कंटाळा यायचं काय कारण. (गाव लहान असेल तर गोष्ट थोडी वेगळी, ते खाली हिंगोलीवाल्या प्रश्नात.)

गडबड फोटोंत आहे का प्रॉम्प्टमध्ये, हे कसं ओळखायचं?

गाडी कुठं अडतेय ते बघा. लाइकच येत नाहीत आणि तुम्ही पाठवलेले लाइकही मॅच होत नाहीत, तर नव्वद टक्के वेळा पहिला फोटो, कारण तो आवडला नाही तर खाली कोणी जातच नाही. लाइक येतात पण सगळे बिनशब्दाचे, कोणी दोन ओळी लिहीत नाही, तर प्रॉम्प्ट मेलेले आहेत, त्यात पकडून बोलायला काही नाही. मॅच होतात, बोलणं सुरू होतं आणि चौथ्या मेसेजला "हम्म" वर येऊन बसतं, तर प्रोफाइलला दोष देऊ नका, ते तुमच्या चॅटिंगचं आहे आणि फोटो बदलून काही होणार नाही. आणि बोलणं छान चाललं, निराला बाजारात कॉफीलाही भेटले, पण भेटल्यावर समोरचं माणूस पहिल्या मिनिटालाच जरा गप्प झालं आणि असं एकदा नाही, परत परत होतंय, तर फोटो जुने आहेत, तुम्ही आता तसे दिसत नाही.

लोक काय करतात, की अडलेलं असतं चौथ्या ठिकाणी आणि बदलतात प्रॉम्प्ट.

कोणता फोटो चालतोय हे मोजायचं कसं? उदाहरण देऊन सांगा ना

फोनमधल्या नोट्समध्ये लिहा, बस. लाइक आला की तो कशावर आला आणि सोबत काही लिहिलं होतं का, एवढंच. तुम्ही पाठवलेल्यापैकी आठवड्यात किती मॅच झाले तेही लिहा, मुलांसाठी तर हाच आकडा जास्त कामाचा कारण बहुतेक मुलांचे मॅच त्यांनी स्वतः पाठवलेल्या लाइकमधूनच होतात.

आता उदाहरण. हे दोन-तीन जणांचं मिळून एक केलंय म्हणजे कोणाची ओळख पटायला नको. गडी 29 वर्षांचा, वाळूजला कंपनीत क्वालिटीत, राहायला सिडकोत. पहिला फोटो बुलेटवर गॉगल लावून, दुसरा मित्राच्या लग्नातला सात जणांचा, तिसरा दौलताबादच्या किल्ल्यावरचा, चौथा जिमच्या आरशातला, पाचवा भाच्याच्या बड्डेचा, आणि सहावा, जो बहिणीनं सहज काढलेला, ओट्यापाशी ज्वारीची भाकरी थापताना, खिडकीतून सकाळचा उजेड तोंडावर आणि तो कशावर तरी हसतोय. प्रॉम्प्टपैकी एक "काहीही विचारा", दुसरा प्रवासाची आवड वगैरे, आणि तिसरा वादाचं मत विचारणारा, त्यात यानं लिहिलेलं की खलिया नानपेक्षा भाकरीसोबत चांगला लागतो आणि यावर मी मार खायला तयार आहे.

महिनाभराची नोंद: आलेले लाइक दहा. त्यातले पाच भाकरीवाल्या फोटोवर, तीन खलियावाल्या उत्तरावर आणि तिन्ही शिव्या घालणाऱ्या कमेंटसकट, एक किल्ल्यावर, एक पहिल्या फोटोवर. बाकी सगळीकडं शून्य. पाठवलेल्यापैकी मॅच दोन.

इथं एक बारीक गोष्ट आहे. पहिल्या फोटोवरचा लाइक हलका धरायचा, कारण तो हाताशी असतो, घाईतलं माणूस तिथंच टेकवून पुढं जातं. सहाव्या फोटोवरचा लाइक जड, कारण तिथपर्यंत माणूस सगळं वाचत खाली आलं आणि वरचं सोडून त्याला हेच आवडलं. मग ज्या फोटोवर तळाला असून निम्मे लाइक येतात तो दारात का नाही? आणि गॉगलमुळं डोळेच दिसत नाहीत तो दारात कामून?

गड्याला सगळंच बदलायचं होतं, भावाच्या लग्नातले कॅमेरावाल्याचे फोटो नुकतेच आले होते. ते त्याला करू दिलं नाही. पहिला आणि सहावा फक्त अदलाबदल केला, बाकी जसंच्या तसं, आणि तीन आठवडे हात लावायचा नाही असं ठरलं. आलेले लाइक थोडेच वाढले पण पाठवलेल्या लाइकचे मॅच दोनावरून सहावर गेले, म्हणजे दार उघडलं. मग दुसऱ्या फेरीत जिमच्या आरशाच्या जागी मैदानावर क्रिकेट खेळतानाचा आला, आणि तिसऱ्या फेरीत "काहीही विचारा" काढून तिथं रविवार सकाळचा कार्यक्रम लिहिला. खलियाच्या उत्तराला शेवटपर्यंत कोणी बोट लावलं नाही.

एक बदल केल्यावर किती थांबायचं?

आपल्याकडं दोन आठवडे कमीत कमी, तीन बरे. पुण्या-मुंबईत आठवड्यात कळतं कारण तिथं रोज नवीन माणसं प्रोफाइल बघतात. इकडं आठवड्याला दोनच लाइक येत असतील तर या आठवड्यात तीन आले म्हणजे फोटो भारी आणि पुढच्यात एक आला म्हणजे फोटो बेकार, असं काही ठरत नाही, ते नुसतं खालीवर होणं आहे. आकडा लहान असला की जास्त दिवस बघावं लागतं.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर वाढलं तरी कशानं वाढलं ते कळणार नाही आणि पडलं तर परत काय लावायचं तेही कळणार नाही. याला अपवाद म्हणजे जे खोटं झालंय ते, ते सगळं एकदम काढा (पुढचाच प्रश्न).

दिवाळीचा आठवडा हिशोबात धरू नका. त्या दिवसांत पुण्या-मुंबईला असलेली आपली सगळी पोरंपोरी घरी येतात, ॲपवर गर्दी होते, लाइक वाढतात, आणि भाऊबीज झाली की हिंजवडीला परत. तुम्हाला वाटतं नवीन फोटोनं कमाल केली. महालक्ष्म्यांच्या सुट्टीतही थोडं असंच. पैसे देऊन बूस्ट मारलं असेल तर तेही दिवस बाजूला काढून मोजा.

कोणते फोटो लगेच काढून टाकावेत, चालत असले तरी?

ज्यात तुम्ही आता दिसता तसे नाही ते. दाढी काढली, चष्मा लागला, केस गेले, वजन दहा किलो इकडं-तिकडं झालं, तर त्याच आठवड्यात बदला. तारखेपेक्षा चेहरा बघायचा, तीन वर्षं जुना फोटो चालतो जर माणूस तसंच दिसत असेल, आणि चार महिन्यांपूर्वीचाही चालत नाही जर मध्ये टक्कल केलं असेल. एक सोपी परीक्षा म्हणजे संभाजीनगरच्या बाबा पेट्रोल पंपावर उभं राहून तो फोटो बघून कोणी तुम्हाला गर्दीत ओळखेल का. शिवाय सेल्फी व्हेरिफिकेशन करताना ॲप तुमचा ताजा सेल्फी प्रोफाइलमधल्या फोटोंशी ताडून बघतं, फोटो फारच वेगळे असले तर तिथंही अडतं.

दुसरं म्हणजे एक्ससोबतचा फोटो कापून लावलेला. खांद्यावरचा तो अर्धा हात सगळ्यांना दिसतो बरं का. आणि तिसरं, शेरवानी-फेटा घालून एकट्याचा फोटो, लोकांना तुमचंच लग्न वाटतं आणि विचारायला कोणी थांबत नाही.

कोणते प्रॉम्प्ट शिळे होतात?

ज्यात ऋतू, तारीख किंवा "सध्या" आहे ते सगळे. "या वीकेंडला हुरडा पार्टीला कोण येतंय" हे डिसेंबर-जानेवारीत एक नंबर आहे, पण तेच जूनमध्ये वाचलं की कळतं हे माणूस सहा महिने इकडं फिरकलंच नाही, मग लाइक करून फायदा काय. आयपीएलची टीम, "एमपीएससीचा निकाल लागू द्या मग बघू", "पुढच्या महिन्यात पुण्याला शिफ्ट होतोय" हे सगळं याच गटातलं. पुण्याला जायचं वाक्य तर फार महाग पडतं, तुम्ही गेलाच नसाल तरी इथली माणसं तुम्हाला गेलेलं समजून सोडून देतात.

उपाय म्हणजे तीनपैकी दोन उत्तरं बारमाही ठेवायची आणि एकच हंगामी. हुरड्याचं उत्तर होळीच्या आसपास काढा, त्या जागी उन्हाळ्यात आंब्याचं काहीतरी, पावसाळ्यात म्हैसमाळचं. असं केलं की वर्षातून तीन-चारदा एकच खिडकी बदलते आणि चालणारी दोन उत्तरं आपोआप सुरक्षित राहतात.

माझ्या एका प्रॉम्प्टवर सारख्या कमेंट येतात पण मला आता त्याच त्याच गप्पांचा वीट आलाय, बदलू का?

नका बदलू. वीट तुम्हाला आलाय, लिहिणारीला नाही, ती पहिल्यांदाच लिहितेय. चालतं उत्तर "अजून भारी" करायला जाऊन लोक त्यातली नेमकी गोष्ट घालवतात. वर खलियाचं उदाहरण दिलं, ते जर "मी फूडी आहे आणि औरंगाबादी पदार्थ मला खूप आवडतात" असं सुधारलं असतं तर भांडायला काय उरलं असतं?

बदलायचं एकाच वेळी, कमेंट भरपूर येतात पण त्या गप्पा कधीच त्या विषयाच्या पुढं सरकत नाहीत. दोन खरं एक खोटं सारख्या खेळात असं होतं, लोक "दुसरं खोटं!" लिहितात, तुम्ही "बरोबर" म्हणता, खेळ संपला. असलं उत्तर नुसत्या कमेंट मोजल्या तर चांगलं दिसतं, भेटी मोजल्या तर शून्य.

पहिला फोटो जबरदस्त चालतो पण तो दोन वर्षांपूर्वीचा आहे. काय करू?

चेहरा तसाच असेल तर राहू द्या, आणि बाकीच्या पाचात किमान दोन या वर्षातले ठेवा म्हणजे कोणाला शंका नको. चेहरा बदलला असेल तर तो काढावाच लागेल, पण त्याच्यात काय चाललं होतं ते ओळखून परत तसाच काढा. कॅमेरा किती लांब होता, उजेड कुठून येत होता, तुम्ही कॅमेऱ्याकडं बघत होता का बाजूला, कपड्याचा रंग काय, मागं काय होतं. बहुतेकदा जादू उजेडाची असते. आपल्याकडं दुपारी बाराच्या उन्हात डोळ्याखाली काळी सावली पडते आणि कपाळ चमकतं, वेरूळला गेलेल्या अर्ध्या लोकांचे फोटो त्यातच वाया जातात. सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर काढा, नाहीतर घरातच खिडकीकडं तोंड करून.

आणि मित्राकडून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधा पाठवला की दाबला जातो आणि वरून त्याचा स्क्रीनशॉट काढून लावला तर चेहऱ्याचं पीठ होतं. नवीन फोटो लावल्यावर जुना फोनमधून डिलीट करू नका, पण आकडे पडले म्हणून तो परतही लावू नका. तो ज्या माणसाला लाइक मिळवून देत होता तो माणूस आता भेटायला येणार नाही.

टिंडरवर माझे फोटो आपोआप वरखाली होतात, मी तर काहीच केलं नाही

स्मार्ट फोटोज नावाचं सेटिंग चालू असेल. त्यात ॲप स्वतःच वेगवेगळे फोटो पुढं करून बघतं आणि जास्त चालणारा पहिला आणतं. बंबललाही अशीच सोय आहे. वाईट नाही, पण ते चालू असताना तुम्ही स्वतः पहिला फोटो तपासत बसलात तर दोघं एकाच पतंगाचा मांजा ओढताय. टिंडरवर लाइक कशावर पडला ते हिंजसारखं स्पष्ट कळत नाही, म्हणून तिथं मी तर चालूच ठेवायला सांगेन, दोन-तीन आठवडे फोटो न बदलता चालू द्या आणि कोणता वर येऊन बसतो ते बघून तोच हिंजला पहिला लावा. मात्र ॲपला फक्त लाइक कळतात, माणूस कसं येतंय ते नाही.

मी मुलगी आहे, मला लाइकचा तुटवडाच नाही, उलट ढीग पडलाय. मग मी काय फ्रेश करू?

तुमचं गणित उलटं आहे ताई. तुम्हाला लाइक वाढवायचे नाहीत, नको ते कमी करायचेत, त्यामुळं वर लिहिलेलं "ज्याच्यावर लाइक जास्त तो पुढं" हे तुम्हाला लागू नाही. ज्या फोटोवर शंभर "हाय ब्युटिफुल" येतात तो फोटो तुमच्यासाठी चाललेला नाही, ज्या उत्तरावर महिन्यात चारच कमेंट आल्या पण चारही नीट वाचून लिहिलेल्या, ते चाललंय. ते सांभाळा.

नोटमध्ये उलटीकडून लिहा. ज्या दोघा-तिघांशी बोलून खरंच बरं वाटलं ते सुरुवातीला कशावर बोलले होते? बहुतेकदा एकच जागा निघते. मग बाकीची दोन उत्तरं तिच्यासारखी नेमकी करा, "लग्नानंतर नोकरी सोडणार नाही आणि हे विनोदानं लिहिलेलं नाही" इतकी सरळ चालतात. लाइक कमी होतील, ते झालंच पाहिजेत.

मी हिंगोलीचा, इथं तीच तीच तोंडं फिरून येतात. सगळ्यांनी मला बघून झालंय, आता बदलून काय फायदा?

उलट बदलाचा सगळ्यात जास्त फायदा इथंच होतो. माणसं कमी असली की एकदा सोडलेली प्रोफाइल परत फिरून येतात, आणि तोच गॉगलवाला पहिला फोटो दिसला तर बोट आपोआप पुढं जातं, वाचतसुद्धा नाही. म्हणून लहान गावात पहिला फोटो दोन-तीन महिन्यांनी बदलायला हरकत नाही, चाललेला असला तरी. पण चाललेला फोटो फेकायचा नाही, दुसऱ्या जागी ठेवायचा आणि पुढच्या फेरीत परत वर. तीन चांगले चेहऱ्याचे फोटो असले तर वर्षभर पुरतात. चाललेली प्रॉम्प्ट मात्र इथंही तशीच, उत्तर वाचून कोणी सोडलेलं नसतं, फोटो बघून सोडलेलं असतं.

अंतर वाढवून नांदेड-परभणी घेता येतं, पण मग एका प्रॉम्प्टमध्ये लिहा की रविवारी नांदेडला येणं मला जड नाही, नाहीतर लोक अंतर बघूनच सोडतात.

अकाउंट डिलीट करून नवीन काढलं तर परत भरपूर लाइक येतात म्हणे?

नवीन प्रोफाइलला सुरुवातीला थोडा जोर मिळतो असं लोक सांगतात, पण तेच फोटो घेऊन गेलात तर तो उतरल्यावर गाडी तिथंच येऊन थांबते. जातं मात्र सगळं, जुने मॅच, चालू चॅट, कशावर लाइक यायचे त्याचा माग. परत परत केलं तर ॲपला संशय येऊन अकाउंट बंदही होऊ शकतं. आठ-दहा दिवस कंटाळा आला असेल तर प्रोफाइल पॉज करा, त्यात चालू गप्पा राहतात.

फोटो बदलताना ओळख उघडी पडू नये म्हणून काय बघायचं?

गाडीचा नंबर, कंपनीचं आयडी कार्ड गळ्यात, घरावरची पाटी, भाच्याच्या शाळेचा युनिफॉर्म. आपल्याकडं एमएच 20 च्या पुढचे आकडे दिसले की कोणीतरी कोणाच्या तरी काकांना ओळखतंच. दुसऱ्याच्या लेकराचा फोटो तर नकोच. इन्स्टाला लावलेला फोटो जसाच्या तसा इथं लावला की फोटोवरून शोध घेऊन आडनावासकट सगळं निघतं, म्हणून इथले फोटो वेगळे ठेवा, त्याच दिवसाचे पण दुसरी क्लिक असली तरी चालतं.

एकीशी बोलणं चालू आहे, मध्येच फोटो बदलले तर तिला वाटेल का की हा अजून शोधतोय?

वाटू शकतं, बघतात लोक. हंगामी उत्तर बदललं तर कोणी काही म्हणत नाही, पण तीन नवीन फोटो एका रात्रीत दिसले की प्रश्न येतोच. भेट ठरलेली असेल तर तोपर्यंत हात लावू नका, फक्त चेहरा बदलला असेल तर भेटीच्या आधी तिलाच सरळ नवीन फोटो पाठवा, की दाढी काढलीय, ओळखू येईन ना.

हेच फोटो विवाह संस्थेच्या साइटवर चालतील का?

पहिला चालेल. बाकीचे तिथं तिचे आईवडील आणि मामा बघणार, त्यांना भाकरी थापणारा जावई आवडेल का नाही ते त्या घरावर आहे.